वाढते वजन आणि अर्धशिशी : महिन्यातील दोन दिवसांचे अठरा कसे होतात?

दीड वर्षापूर्वी चोपन्न वर्षांच्या एक गृहिणी माझ्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या हातात भिंतीवरून काढून आणलेली दिनदर्शिका होती. तिच्यावर दुधाचा हिशेब होता, गॅस सिलिंडरची तारीख होती आणि त्यांच्यामध्ये लाल पेनाने केलेले ठिपके होते. डोके दुखलेल्या प्रत्येक दिवसासाठी एक ठिपका. त्या महिन्यात असे अठरा ठिपके भरले. त्यांची अर्धशिशी पंचवीस वर्षांची जुनी. परंतु चाळिशीपर्यंत महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा डोके धरत असे. अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, एक उलटी झाली, झोप लागली की दुसऱ्या दिवशी त्या कामाला लागत. आता दुखण्याचे आणि न दुखण्याचे दिवस त्यांना वेगळे करता येत नव्हते. घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्यांचे सर्व करणाऱ्या या एकट्या.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला निश्चित मर्यादा आहे. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस डोके दुखते, तीन महिन्यांहून अधिक काळ असेच चालते आणि त्यांतील किमान आठ दिवसांचे दुखणे अर्धशिशीच्या स्वरूपाचे असते, तेव्हा तिला जुनाट, म्हणजे क्रॉनिक, मायग्रेन म्हणतात. त्याखाली ती अधूनमधून येणारी अर्धशिशी असते. ही सीमा कोणी एका रात्रीत ओलांडत नाही. दोनाचे चार, चाराचे आठ असे दिवस वर्षानुवर्षे वाढत जातात आणि रुग्णाला ती वाढ वयाची, काळजीची किंवा उन्हाची वाटते.

मी त्यांना वजनकाट्यावर उभे केले. वजन ७१ किलो, उंची १५२ सेंटिमीटर. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता ३०.७ हा अंक येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जादा आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो. महिन्यातून दोनदा डोके दुखत असे त्या काळात त्यांचे वजन ५६ किलो असल्याची नोंद माझ्याच जुन्या कागदांत सापडली. मधल्या काळात मी त्यांचे डोके अनेकदा तपासले होते. वजन मात्र केले नव्हते.

वजन आणि अर्धशिशी यांचा संबंध नेमका कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेत बिगल आणि लिप्टन या संशोधकांनी तीस हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्धशिशी असणाऱ्यांचे प्रमाण सर्व वजनगटांत जवळपास सारखेच निघाले. फरक पडला तो दुखण्याच्या दिवसांत. वजन योग्य असलेल्या अर्धशिशीच्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे चौघांना महिन्यातून दहा ते पंधरा दिवस त्रास होत होता. लठ्ठ रुग्णांत हे प्रमाण शंभरात सुमारे चौदा आणि अतिलठ्ठ रुग्णांत सुमारे एकवीस होते. अर्धशिशी बहुधा आनुवंशिकतेने येते. वजन प्रामुख्याने तिच्या फेऱ्या वाढवते. म्हणूनच सडपातळ माणसालाही अर्धशिशी असते आणि प्रत्येक स्थूल माणसाला ती नसते. हा संबंध पन्नाशीच्या आतील स्त्रियांत सर्वांत ठळक दिसतो, हेही येथे नोंदवले पाहिजे.

असे का व्हावे? चरबी म्हणजे केवळ साठवलेले तूप, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात चरबीचा थर, विशेषतः पोटाच्या आतील, ही एक सतत काम करणारी ग्रंथीच होय. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात मिसळत राहतात. अर्धशिशीच्या वेळी चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल मज्जातंतू चेतवली जाते आणि तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे द्रव्य सुटून रक्तवाहिन्यांभोवती दाह उठतो. शरीरात आधीच मंद दाह धुमसत असेल, तर ही ठिणगी पडायला लहानसे निमित्त पुरते. भूक आणि झोप यांचे नियमन करणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, दोन्ही विकारांत गुंतलेला आहे, हा आणखी एक धागा. या साखळीतील काही दुवे अजून अभ्यासाधीन आहेत.

वारंवार झटके येऊ लागले की पुढची पायरी सुरू होते. वेदना वाहणाऱ्या मेंदूतील पेशी इतक्या हळव्या होतात की साधा स्पर्शही दुखू लागतो. ही खूण घरच्या माणसालाही ओळखता येते. मी या बाईंना विचारले, “ताई, डोके दुखते त्या दिवशी वेणी घालता येते का?” त्या म्हणाल्या, “कंगवा लावला तरी केसांची मुळं ठणकतात, डॉक्टर. चष्मासुद्धा सहन होत नाही.” उशीवर ती बाजू टेकवत नाही, टिकली लावताना कपाळ दुखते, असे कोणी सांगू लागले तर अर्धशिशी जुनाट होण्याच्या वाटेवर आहे, असे मी समजतो.

या वाटेवर वजन एकटे नसते. या बाई पॅरासिटॅमॉल आणि कॅफीन एकत्र असलेली गोळी महिन्यातून चौदा-पंधरा दिवस घेत होत्या. अशा मिश्र गोळ्या महिन्यात दहा दिवसांहून अधिक, किंवा साधे पॅरासिटॅमॉल पंधरा दिवसांहून अधिक, असे तीन महिने चालले तर गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. शिवाय त्या घोरत होत्या आणि सकाळी उठतानाच डोके जड असे. मानेभोवती चरबी वाढली की झोपेत श्वास अडतो आणि ही तक्रार सुरू होते. सासूबाईंना रात्री दोनदा कूस बदलावी लागे, ती झोपमोड निराळीच.

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मीच त्यांना फ्लुनारिझिन हे प्रतिबंधक औषध तीन महिन्यांसाठी लिहून दिले होते. जुनी चिठ्ठी दाखवून ते चौदा महिने आणले गेले आणि मी विचारले नाही. या औषधाने भूक व वजन वाढते. या बाईंचे सहा किलो त्याच काळात वाढले. अमिट्रिप्टिलीन आणि व्हॅल्प्रोएट यांचाही हाच दोष आहे. अर्धशिशीसाठी दिलेल्या औषधाने वजन वाढावे आणि त्या वजनाने अर्धशिशी वाढावी, हे आमच्या क्षेत्रातील न बोलले जाणारे दुष्टचक्र आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत तर फ्लुनारिझिनने हात कापणे, चाल मंदावणे, उदासी येणे असे घडू शकते आणि ते म्हातारपण समजून सोडून दिले जाते. आपल्या घरात यांपैकी कोणतेही औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा.

उपचार ठरवताना आम्ही आधी मिश्र गोळी थांबवली. पहिले दोन ते दहा दिवस दुखणे वाढते, हे आधीच सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी पुन्हा गोळीकडे वळतो. त्या आठवड्यासाठी त्यांच्या नणंदेला राहायला बोलावले. रक्तदाबाची जुनी गोळी बदलून मज्जाविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने कँडेसार्टन सुरू केले. ते रक्तदाबही राखते, अर्धशिशीलाही आवर घालते आणि वजन वाढवत नाही. मूत्रपिंडाचे कार्य आणि पोटॅशियम दोन आठवड्यांनी तपासून घेतले. वेदनाशामक गोळी आठवड्यात दोन दिवसांहून अधिक घ्यायची नाही, हे ठरले.

वजनासाठी पहिले उद्दिष्ट साडेतीन किलोचे, म्हणजे पाच टक्क्यांचे, आणि मुदत चार महिन्यांची. त्यांनी लगेच विचारले, “मग सोमवार आणि चतुर्थी कडक करू का?” याला मी ठाम नकार दिला. उपाशी राहणे हे अर्धशिशीचे ठरलेले निमित्त. आणि उपवास सोडताना साबुदाणा, बटाटा, दाणे यांतून जितके वाचवले त्याहून अधिक पोटात जाते. तीन वेळा वेळेवर जेवायचे, भाताची वाटी निम्मी, उसळ आणि ताक वाढवायचे. खरी गळती दुसरीकडेच सापडली. सासूबाईंच्या ताटातला उरलेला शिरा आणि मऊ भात टाकवत नाही म्हणून त्या स्वतः खात होत्या. सासूबाईंसाठी लहान वाटी केली आणि हा प्रश्न मिटला. बाहेर फिरायला जाणे शक्य नव्हते. घरातच दहा-दहा मिनिटे दिवसातून तीनदा चालणे ठरले. पहिल्याच दिवशी धावपळीचा व्यायाम केला तर तोही झटका आणतो, म्हणून सुरुवात संथ ठेवली.

वजन उतरवल्याने झटके नक्की कमी होतात का? येथे प्रामाणिक राहायला हवे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन उतरलेल्या रुग्णांत दुखण्याचे दिवस घटलेले आढळतात. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्त्रियांचे दोन गट केले होते. एकाला वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला केवळ अर्धशिशीविषयी शिक्षण. दोन्ही गटांत दिवस जवळजवळ सारखेच कमी झाले. नियमित जेवण-झोप, गोळ्यांवर ताबा आणि कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव, यांचाही वाटा मोठा असावा. त्यामुळे मी रुग्णाला किलोमागे दिवसांचा हिशेब देत नाही.

सत्तरीपुढील वाचकांसाठी एक निराळी सूचना. त्या वयात अर्धशिशी बहुधा ओसरलेली असते आणि वजन उतरवण्याच्या नादात स्नायू उतरले तर पडण्याचा धोका वाढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याखेरीज खाणे तोडू नये. आणि पन्नाशीनंतर प्रथमच डोकेदुखी सुरू झाली, विशेषतः चावताना जबडा दुखतो, कानशिलाला हात लावता येत नाही, दिसण्यात फरक पडतो किंवा वजन आपोआप घटते आहे, तर ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये. कानशिलाच्या धमनीच्या दाहात उपचाराला विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते. तेथे त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तसेच कोणत्याही वयात अचानक उठलेली अतितीव्र डोकेदुखी, हातापायातील दुर्बलता किंवा बोलण्यातील अडखळ यांसाठी थेट रुग्णालय.

या बाईंचा दुसरा महिना अकरा ठिपक्यांचा गेला. हे श्रेय बहुतांशी गोळी थांबवण्याचे, कारण तोवर वजन जेमतेम एक किलो उतरले होते. सहाव्या महिन्यात वजन ६६.५ आणि ठिपके सहा. मधल्या दिवाळीत फराळ, जागरण आणि पाहुणे यांत पुन्हा नऊ झाले होते. परवा त्या आल्या तेव्हा वजन ६५ होते आणि सरत्या महिन्यात पाच ठिपके. चाळिशीतले दोन परत येतील का, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, ते मला ठाऊक नाही. पण यंदाची नवी दिनदर्शिका मात्र वर्षअखेर मला दाखवायला आणा. त्या म्हणाल्या, “आणीन. पण दुधाचा हिशेब वहीत उतरवून घेते, नाहीतर गवळी ऐकायचा नाही.”