पेशींचा हिशेब कुठे लिहिलेला असतो?

काचेच्या बाटलीत पोषक द्रव घालून शरीरातील पेशी वाढवता येतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. अलेक्सिस कॅरेल यांनी 1912 साली कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी अशा वाढवायला घेतल्या आणि त्या तीस वर्षांहून अधिक काळ वाढत राहिल्याचे सांगितले गेले. मग पेशी मुळात अमरच, अशी विद्वानांचीही समजूत होऊन बसली.

1961 साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांना वेगळेच दिसले. मानवी गर्भाच्या फुप्फुसातील पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट होत आणि मग थांबत. मरत नसत, विभागत नसत एवढेच. द्रव बिघडला असेल किंवा विषाणू शिरला असेल, असे कोणीही म्हटले असते. ही शंका त्यांनी कशी फेडली, ते वाचण्यासारखे आहे. बऱ्याच वेळा दुप्पट झालेल्या पुरुषाच्या पेशी आणि थोड्याच वेळा झालेल्या स्त्रीच्या पेशी त्यांनी एकाच बाटलीत ठेवल्या. पुरुषाच्या तशाच काही पेशी वेगळ्याही ठेवल्या. या वेगळ्या पेशी थांबल्या, तेव्हा मिश्र बाटली तपासली. गुणसूत्रांवरून पेशी पुरुषाची की स्त्रीची हे ओळखता येते. तिथे स्त्रीच्याच पेशी वाढताना आढळल्या. द्रवाचा दोष असता तर दोघींनाही भोवला असता. गोठवून ठेवलेल्या पेशीसुद्धा बाहेर काढल्यावर राहिलेल्या आकड्यापासूनच पुढे मोजू लागत!

ही मोजणी गुणसूत्रांच्या टोकांवर चालते. तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा ओळीने येतात. त्या टोकाला टेलोमिअर म्हणतात. डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेला अगदी शेवटचा तुकडा उतरवता येत नाही, म्हणून दर विभागणीत टोक थोडे झिजते. ते फार आखूड झाले की पेशीला डीएनए तुटल्याचा इशारा मिळतो आणि ती विभागणे सोडते.

हे टोक पुन्हा भरून देणारे विकर म्हणजे टेलोमरेज. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरोल ग्रायडर यांना ते टेट्राहायमेना या गोड्या पाण्यातील एकपेशीय जीवात सापडले. बीजपेशींत ते जागे असते, आपल्या बहुतेक साध्या पेशींत जवळपास बंद. 1998 मध्ये साध्या मानवी पेशींत त्याचे जनुक घातले, तेव्हा त्या नेहमीची मर्यादा ओलांडून विभागत राहिल्या.

मग ते सगळीकडे चालूच का करू नये? कारण बहुतेक कर्करोगांच्या पेशी नेमके हेच विकर जागे करून वाढत राहतात. टेलोमिअर लांब करून तारुण्य देण्याच्या नावाखाली औषधे विकली जातात. घरातील बुजुर्गांसाठी अशी डबी घेण्याआधी विक्रेत्याला एवढे तरी विचारावे, की कर्करोगाच्या पेशीला हे औषध कसे ओळखते?