टाकी, हीटर आणि घड्याळाचा हुकूम

कमलनगरच्या एखाद्या घरात बोअरची मोटर मिनिटाला २० लिटर पाणी वर चढवीत असेल, तर गच्चीवरील १००० लिटरची रिकामी टाकी ५० मिनिटांत भरेल, हा हिशेब पाचवीतील विद्यार्थीही बिनचूक करील. आणि त्याच हिशेबाच्या भरवशावर टायमर ५० मिनिटांवर लावून गृहस्थ निश्चिंत होतो. परंतु त्या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, त्यांची घड्याळाला वार्ताही नसते. टाकी आधीच अर्धी भरलेली असेल, तर निम्मे पाणी, म्हणजे ५०० लिटर, गच्चीवरून वाहून जाते. आणि वैशाखात बोअरची पातळी खोल जाऊन मोटर मिनिटाला १२ लिटरच देऊ लागली, तर तेवढ्याच वेळात टाकीत केवळ ६०० लिटर पडतात. टायमर काळ मोजतो, पाणी मोजीत नाही.

टाकीत तरंगणारा फ्लोट मात्र पाण्यावरच स्वार असतो. पातळी वर आली की तो उचलला जातो आणि मोटर बंद होते. पातळी उतरली की तो खाली येतो आणि मोटर पुन्हा सुरू होते. कृतीचे फळ मोजून त्यावरून पुढील कृती ठरविण्याच्या या पद्धतीला प्रत्याभरण म्हणतात, आणि मोटर, पाणी, फ्लोट व पुन्हा मोटर असा फेरा येथे पूर्ण होत असल्यामुळे ही रचना बंद वर्तुळाची ठरते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने आपल्या जलघटिकेत पाण्याची पातळी स्थिर राखण्यासाठी फ्लोटचीच योजना केली होती, असे सांगतात. म्हणजे खुद्द घड्याळालाही काळ बरोबर मोजण्यासाठी प्रत्याभरणाचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

येथे एक तपशील ध्यानी घ्यावा. चालू करण्याची आणि बंद करण्याची पातळी एकच ठेवली, तर पाण्याच्या लहानशा हेलकाव्यासरशी मोटर चालू-बंद होत राहील. आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढत असल्यामुळे स्टार्टरचे संपर्क जळतील व वाइंडिंग तापेल. म्हणून ३०० लिटरवर चालू आणि ९०० लिटरवर बंद, असे अंतर बुद्ध्या राखावे लागते.

खोलीतील हीटरचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे, कारण टाकीतील पाणी वापर नसताना जागच्या जागी राहते, उष्णता मात्र भिंतींतून व दारांच्या फटींतून अखंड निसटत असते, आणि आतले व बाहेरचे तापमान यांत जितका फरक अधिक, तितकी ती वेगाने निसटते. समजा, दर अंशाच्या फरकामागे खोलीतून ५० वॉट उष्णता जाते, हीटर १००० वॉटचा आहे आणि खोली २२ अंशांवर राखावयाची आहे. बाहेर १२ अंश असताना फरक १० अंशांचा, म्हणून हानी ५०० वॉटची. अर्थात हीटर निम्मा वेळ चालला पाहिजे. टायमरवर दहा मिनिटे चालू, दहा मिनिटे बंद, असा क्रम लावला की त्या रात्रीपुरते सर्व ठाकठीक असते. परंतु थंडी वाढून बाहेर ७ अंश झाले की तोच क्रम खोलीला सरासरी १७ अंशांवरच ठेवतो, आणि थंडी ओसरून १७ अंश झाले की २७ अंशांपर्यंत तापवितो. थर्मोस्टॅट हवामानाची चौकशी न करताही ७ अंशांच्या रात्री हीटर तीन चतुर्थांश वेळ आणि १७ अंशांच्या रात्री एक चतुर्थांश वेळ चालवितो, कारण त्यातील दोन धातूंची जोडपट्टी खोलीच्या उष्णतेनेच वाकते आणि संपर्क तोडते.

तथापि थर्मोस्टॅटला ठाऊक असते ते केवळ स्वतःचे तापमान. तो हीटरच्या अगदी शेजारी बसविला, तर कोपऱ्यातला विद्यार्थी कुडकुडत असतानाच तो वीज तोडून मोकळा होतो. आणि दाराच्या फटीसमोर बसविला, तर खोली तापून गेली तरी हीटर थांबत नाही. खिडकी सताड उघडून हानी दर अंशाला १०० वॉटपेक्षा वाढली, तर बाहेर १२ अंश असताना हीटर अखंड चालूनही २२ अंश गाठू शकत नाही, कारण प्रत्याभरण शक्तीचा विनियोग करते, ती निर्माण करीत नाही.

फ्लोटचीही अशीच गत आहे. क्षार साचून तो खालीच अडकला, तर टाकी रिकामी असल्याची खोटी खबर देत राहतो आणि पाणी रात्रभर वाहते. टायमर निदान ५० मिनिटांनी थांबला तरी असता. म्हणून टायमरला हद्दपार करू नये. नित्याचा कारभार फ्लोटकडे सोपवावा आणि त्याच्या जोडीला ९० मिनिटांनी मोटर बंद करणारा टायमर पहारेकरी म्हणून ठेवावा. मोटर टायमरने थांबलेली आढळली, तर एक तर फ्लोट अडकला आहे, नाही तर बोअरचे पाणी आटले आहे किंवा नळी फुटली आहे, असे समजावे. टाकी वाहत असेल तर आधी फ्लोट पाहावा, आणि ती भरलीच नसेल तर मोटर पुन्हा सुरू करण्यापूर्वी बोअर व नळी तपासावी.