फळीवर अडकलेल्या पैशाचं व्याज

छोट्या हार्डवेअरच्या दुकानात भाव बहुधा एकाच रीतीने ठरतो: खरेदीवर शेकडा पंधरा चढवायचे. अर्ध्या इंची एल्बो असो की तीन इंची गनमेटलचा गेट व्हॉल्व्ह, टक्का तोच. पण एल्बोचं खोकं पंधरा दिवसांत संपतं आणि व्हॉल्व्हला गिऱ्हाईक मिळायला दीड वर्ष लागतं.

समजा, व्हॉल्व्हची खरेदी जीएसटी सोडून 3000 रुपयांची आहे आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला शेकडा एक रुपया. अठरा महिन्यांचं व्याज झालं 540 रुपये. पंधरा टक्क्यांनी सुटले 450. म्हणजे विक्री होऊनही नव्वद रुपये पदरचे गेले, आणि यात जागेचं भाडं, नोकराचा पगार धरलेलाच नाही. पैसे घरचे असले तरी हिशेब टळत नाही, कारण तेच तीन हजार एल्बोत अनेकदा फिरले असते. पंधरा टक्के खरोखर हातात राहायचे असतील, तर या व्हॉल्व्हचा भाव 3450 नव्हे, 3990 हवा.

डझनाच्या स्कीममध्ये हे नुकसान सहज नजरेआड होतं. भारी दरवाजा-कुलपं बारा घेतली तर पाच टक्के सूट, पण खपतं महिन्याला एकच. पहिलं महिनाभर थांबतं, शेवटचं वर्षभर. सरासरी साडेसहा महिने. म्हणजे साडेसहा टक्के व्याज. दर महिन्याला एकेक आणलं असतं तर हे फार तर एक टक्का असतं. सूट इथेच संपली. वितरकाने उधारी दिली असेल तर तेवढे दिवस मात्र यातून वजा करावेत.

माल किती थांबतो, हे आठवणीवर सोडू नये. खोक्यावर खरेदीचा भाव खुणेच्या अक्षरांत लिहायची पद्धत जुनी आहे. त्याच्याच शेजारी महिना आणि वर्ष लिहावं. विकताना ते वाचलं की मुदत कळते, आणि पुढच्या खरेदीचा भाव त्या मुदतीवर बसवता येतो.

पुढच्याच खरेदीचा, हे महत्त्वाचं. दोन वर्षं पडून असलेल्या रंगाच्या डब्यावर साचलेलं व्याज चढवलं, तर तो आणखी दोन वर्षं पडेल आणि आत घट्टही होईल. गेलेलं व्याज परत येत नाही. असा माल भाव उतरवून मोकळा करावा आणि पैसा चालत्या मालात घालावा.

छापील एमआरपीच्या वर तर कायद्यानेच जाता येत नाही. हिशेबाने आलेला भाव एमआरपीच्या पलीकडे गेला, तर ती वस्तू फळीवर ठेवणं परवडत नाही. प्लंबरकडून आगाऊ रक्कम घेऊन ती मागवून द्यावी. त्याला आजच हवी असेल तर ते गिऱ्हाईक जाईल. पण तोच प्लंबर दर आठवड्याला पाइप-फिटिंग नेणारा असेल, तर एक नग जवळ ठेवून त्याचं व्याज पाइपच्या नफ्यातून सोसणं रास्त आहे.