कुठला संगणक जास्त वेगवान?

1991 साली दिलीप भांडारकर आणि डग्लस क्लार्क या दोन अभियंत्यांनी दोन संगणकांची तुलना छापली. दोघेही अमेरिकेतल्या डीईसी या कंपनीत होते. भांडारकर मूळचे आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर. एक संगणक त्यांच्याच कंपनीचा होता, व्हॅक्स 8700. दुसरा मिप्स कंपनीचा, एम/2000. आतली बांधणी दोघांचीही बरीचशी सारखी होती, फरक होता तो प्रोसेसरला दिल्या जाणाऱ्या आज्ञांच्या भाषेत. निकाल घरच्या यंत्राच्या विरोधात गेला आणि दोघांनी तो तसाच छापला, हे विशेष. पण आपल्याला हवी आहे ती निकालापर्यंत पोचण्याची रीत, कारण दुकानात दोन लॅपटॉप समोर ठेवले तरी आजही तीच लागते.

प्रोसेसरच्या आत घड्याळाचे ठोके पडत असतात आणि सगळी कामं त्या ठोक्यांवर होतात. व्हॅक्सचा एक ठोका 45 नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाला सुमारे 2.2 कोटी ठोके; जाहिरातीच्या भाषेत 22 मेगाहर्ट्झ. एम/2000 चा ठोका 40 नॅनोसेकंदांचा, म्हणजे 25 मेगाहर्ट्झ. एवढ्यावरून कुणी म्हणेल, दुसरा जेमतेम 13 टक्क्यांनी पुढे आहे. पण एका ठोक्यात किती काम उरकतं, हे घड्याळ सांगत नाही.

काम म्हणजे आज्ञा. स्मृतीतल्या दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज तिसऱ्या जागी ठेवायची असेल, तर व्हॅक्सला एकच आज्ञा पुरते:

```
ADDL3 (R1), (R2), (R3)
```

मिप्सच्या प्रोसेसरला बेरीज थेट स्मृतीत करताच येत नाही. आधी दोन्ही संख्या आत आणा, मग बेरीज करा, मग उत्तर बाहेर ठेवा:

```
lw   $8, 0($4)
lw   $9, 0($5)
addu $10, $8, $9
sw   $10, 0($6)
```

एकाला चार. प्रत्यक्षात सगळा प्रोग्रॅम अशा बेरजांनी भरलेला नसतो. बऱ्याच आज्ञा दोन्हीकडे एकास एक निघतात. त्यामुळे पूर्ण प्रोग्रॅम धरला, तर मिप्सला व्हॅक्सच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून थोड्या जास्त आज्ञा पार पाडाव्या लागत होत्या. नुसत्या आज्ञा मोजल्या तर व्हॅक्स सरस वाटेल.

मग येतो तिसरा आकडा. एक आज्ञा पुरी व्हायला सरासरी किती ठोके लागतात, त्याला सीपीआय म्हणतात. व्हॅक्सची आज्ञा जड. ती किती लांब आहे आणि तिला काय काय हवं आहे, हे उलगडण्यातच ठोके जातात. व्हॅक्सचा सीपीआय दहाच्या घरात होता. मिप्सच्या आज्ञा सगळ्या सारख्या लांबीच्या आणि साध्या, त्यामुळे एक पुरी होण्याआधीच पुढची आत घेता येते. तिथे सीपीआय 1.7 च्या आसपास.

आता तिन्ही आकडे एकत्र आणायचे:

वेळ = आज्ञांची संख्या × सीपीआय × एका ठोक्याचा काळ

समजा, एका प्रोग्रॅमला व्हॅक्सवर 10 कोटी आज्ञा लागल्या. सीपीआय 10, म्हणून 100 कोटी ठोके. प्रत्येकी 45 नॅनोसेकंद, म्हणजे 45 सेकंद. मिप्सवर त्याच कामाला 22 कोटी आज्ञा. गुणिले 1.7, म्हणजे 37.4 कोटी ठोके. प्रत्येकी 40 नॅनोसेकंद, म्हणजे जवळजवळ 15 सेकंद. हे आकडे मी गोळाबेरीज घेतले आहेत, पण चित्र त्या अभ्यासासारखंच आहे. त्यात घड्याळाचा फरक बाजूला ठेवून नुसते ठोके मोजले होते आणि मिप्स सरासरी 2.7 पट पुढे निघाला. घड्याळ धरलं की आपल्या उदाहरणात तो तिप्पट होतो.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकत. त्या काळी सेकंदाला किती दशलक्ष आज्ञा, हा वेगाचा लोकप्रिय आकडा होता. आपल्या उदाहरणात व्हॅक्स 45 सेकंदांत 10 कोटी आज्ञा करतो, म्हणजे सेकंदाला 2.2 दशलक्ष. मिप्स 15 सेकंदांत 22 कोटी, म्हणजे 14.7 दशलक्ष. गुणोत्तर साडेसहा पटींच्या वर! खरा फरक तिपटीचा. कारण उघड आहे: मिप्सच्या आज्ञा लहान, त्या जास्त संख्येने होणारच.

याच आकड्याचा घोळ जुन्या व्हॅक्स-11/780 बाबतही झाला होता. 1977 चं हे यंत्र सेकंदाला दहा लाख आज्ञा करतं म्हणून मापदंड मानलं जाई. 1984 मध्ये जोएल एमर आणि याच क्लार्क यांनी मोजलं, तेव्हा सीपीआय 10.6 निघाला. त्याचा ठोका 200 नॅनोसेकंदांचा. म्हणजे सेकंदाला प्रत्यक्षात दहा लाखांच्या निम्म्याहूनही कमी आज्ञा! आणि तरी त्याला ‘एक’ धरून बाकीच्यांना गुण देणं चालूच राहिलं.

सीपीआय तरी स्थिर असतो का? नाही, आणि घाईत हेच विसरलं जातं. तो यंत्राच्या पाटीवर कोरलेला नसतो. यंत्र आणि प्रोग्रॅम मिळून तो ठरतो. मिप्सवर असा प्रोग्रॅम चालवला, ज्याचा डेटा प्रोसेसरजवळच्या वेगवान कॅशमध्ये मावत नाही, तर मुख्य स्मृतीची वाट पाहण्यात ठोके वाया जातील. आपल्या उदाहरणात व्हॅक्सचे 45 सेकंद तसेच राहिले आणि मिप्सचा सीपीआय 5.1 च्या पुढे गेला, तर आघाडी संपली. म्हणून ‘अमक्या प्रोसेसरचा सीपीआय इतका’ असं कुणी मोघम सांगितलं, तर कुठल्या प्रोग्रॅमवर, हे आधी विचारावं.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. कंपायलरने हुशारी करून मिप्सच्या प्रोग्रॅममधल्या 4 कोटी अनावश्यक आज्ञा काढून टाकल्या, आणि त्या प्रत्येकी एकाच ठोक्याच्या होत्या असं धरा. आता उरल्या 18 कोटी आज्ञा आणि 33.4 कोटी ठोके. सीपीआय 1.7 वरून 1.86 झाला, म्हणजे बिघडला. सेकंदाला होणाऱ्या आज्ञाही 14.7 दशलक्षांवरून 13.5 वर घसरल्या. वेळ मात्र 15 सेकंदांवरून 13.4 वर आली. दोन्ही मापं म्हणतात यंत्र मंदावलं, आणि काम आधी संपतं.

भांडारकर-क्लार्क यांच्या अभ्यासानंतर वर्षभरातच, 1992 मध्ये, डीईसीने साध्या आज्ञांचा अल्फा हा स्वतःचा प्रोसेसर आणला.

आज हे मोजायला वेगळं उपकरण जोडावं लागत नाही. लिनक्सवर प्रोग्रॅमच्या नावाआधी `perf stat` लिहिलं, की प्रोसेसरमधलेच मोजणीयंत्र `instructions` आणि `cycles` असे दोन आकडे देतात. शेजारी `insn per cycle` दिसतं. तो सीपीआयचा व्यस्त. आताचे प्रोसेसर एका ठोक्यात अनेक आज्ञा उरकत असल्याने तो बहुधा एकाच्या वर असतो. दोन लॅपटॉपांवर एकच काम, एकाच डेटावर चालवून हे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत आणि निकाल मात्र `seconds time elapsed` या ओळीवरून द्यावा. डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ वरच्या सूत्रात कुठेच येत नाही, या ओळीत येतो.