छातीत दुखतंय, हे जर्मनमध्ये सांगताना

पुण्याहून मुलीकडे श्टुटगार्टला आलेले साठीतले बाबा दुपारी घरात एकटेच आहेत आणि अचानक छातीत कळ येते. डाव्या हाताला मुंग्या येतात, दरदरून घाम फुटतो. मुलीचा फोन लागत नाही. जर्मनीत अशा वेळी 112 हा नंबर फिरवायचा असतो. तो फुकट आहे आणि मोबाइलवरूनही लागतो. 116117 हा नंबर रात्री-अपरात्री ताप वगैरे आला तर डॉक्टर मिळवण्यासाठी असतो, छातीच्या दुखण्यासाठी नाही. पलीकडचा माणूस बहुधा सर्वांत आधी पत्ता विचारतो, म्हणून पत्ता फोनजवळ लिहून ठेवलेला असावा. त्यानंतर तो काय झालंय ते विचारतो. त्या प्रश्नाला आणि पुढे घरी येणाऱ्या डॉक्टरला, दोघांनाही हेच एक वाक्य पुरतं:

इश् हाबं झाइट त्सेन मिनूटन श्टार्कं श्मेर्त्सन इन डेअ ब्रुस्ट उंट इम लिंकन आर्म.

म्हणजे, मला दहा मिनिटांपासून छातीत आणि डाव्या हातात जोरात दुखतंय. दहाच मिनिटं अशासाठी घेतली, की दुखणं पाच मिनिटांत थांबलं नाही तर वाट बघायची नसते. मिनिटं कमी-जास्त झाली तरी वाक्य तेच राहतं.

आता उच्चार. इंग्रजी शिकलेल्या माणसाला इथे इंग्रजीच आडवी येते, मराठी उलट मदत करते. रोमन लिपीतला ‘झेड’ दिसला की आपण ‘झ’ म्हणतो आणि ‘एस’ दिसला की ‘स’. जर्मनमध्ये या दोन शब्दांच्या सुरुवातीला नेमकं उलटं आहे. दहा या शब्दाच्या सुरुवातीला झेड असतो आणि त्याचा उच्चार आपल्या ‘चमचा’मधल्या ‘च’सारखा होतो. ‘चमचे’ म्हणून पाहा, शेवटचा च वेगळा लागतो. तो नको, ‘चमचा’तला हवा. म्हणून वर ‘त्सेन’ लिहिलं असलं तरी त आणि स सुटे म्हणू नका, ‘चाक’मधला च घेऊन ‘चेन’ म्हणा. ‘ए’ जरा लांबवा. ‘श्मेर्त्सन’मध्येही तोच च आहे. हिंदीभाषक माणसाला हा आवाज मुद्दाम शिकावा लागतो, आपल्या तोंडात तो लहानपणापासून आहे.

‘झाइट’ची गोष्ट तशीच. त्याच्या सुरुवातीला एस लिहितात, पण उच्चार ‘माझा’मधल्या ‘झ’चा आहे, ‘माझी’मधल्या नव्हे. झ म्हणताना हकार मात्र काढून टाकायचा. इंग्रजीच्या सवयीने ‘सीट’ वाचलंत तर ऐकणाऱ्याला अर्थ लागणार नाही.

‘हाबं’, ‘श्टार्कं’ यांच्या शेवटचा अनुस्वार ‘कसं’, ‘तसं’मधल्यासारखा वाचायचा, म्हणजे नाकातून नाही, नुसता मोकळा अ. ‘हाबे’, ‘श्टार्के’ म्हणू नका. हा अ जर्मनमध्ये आपल्यापेक्षा थोडा आखूड असतो, एवढाच फरक.

‘इश्’मधला आवाज आपल्याकडे नाही. ‘हिरवा’मधला ‘हि’ आवाज न काढता, नुसत्या श्वासाने म्हटला की त्याच्या अगदी जवळ जातो. जमलं नाही तर सरळ ‘इश्’ म्हणा, कित्येक जर्मन माणसंही तसंच बोलतात. ‘इक’ किंवा ‘इच’ मात्र टाळा.

या वाक्यात सर्वांत जपायचा शब्द ‘श्मेर्त्सन’, कारण तक्रार त्यातच आहे. ‘काश्मीर’ म्हणा आणि सुरुवातीचा ‘का’ गाळा, मग ‘श्म’ आपोआप जमतो. घाईत म गळाला तर ‘शेर्त्स’ उरतं आणि त्याचा अर्थ थट्टा असा होतो. शेवटचा ‘न’ गिळल्यासारखा म्हणायचा. ‘ब्रुस्ट’मधला उ आखूड. इथे शेवटी ‘स्ट’ आहे, पण ‘श्टार्कं’च्या सुरुवातीला ‘श्ट’. श्टुटगार्टच्या भागात जुनी माणसं ‘ब्रुश्ट’ म्हणतात. डॉक्टरच्या तोंडून तसं ऐकलंत तर गोंधळू नका, छातीच आहे. ‘डेअ’च्या शेवटी र लिहितात, पण तो जवळपास ऐकूच येत नाही. ‘आर्म’मधला र आपल्यासारखा कडक म्हटला तरी चालतो.

वाक्य एका दमात म्हणायची गरज नाही. ‘मिनूटन’पाशी थांबा, मग ‘ब्रुस्ट’पाशी. ‘त्सेन’, ‘श्मेर्’, ‘ब्रुस्ट’ आणि ‘आर्म’ यांवर जोर द्या. बाकीचे शब्द पुसट झाले तरी चालतील.

व्याकरणातली एक चूक मात्र भारी पडू शकते. ‘दुखत होतं’ असं मनात मराठीत जुळवून कुणी ‘हाबं’ऐवजी ‘हाट्टं’ म्हणालं, तर पूर्वी दुखलं आणि आता थांबलं असा अर्थ निघतो. अजून दुखत असेल तर ‘हाबं’च म्हणायचं.

पुढचा प्रश्न येतो तो कधी सुरू झालं याचा. ‘झाइट वान?’ म्हणजे केव्हापासून? इथे मराठी माणूस हमखास फसतो. जर्मनमध्ये ‘हाल्प’ म्हणजे अर्धा आणि ‘ड्राय’ म्हणजे तीन, पण ‘हाल्प ड्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. साडेतीन सांगायचे तर ‘हाल्प फीअ’, म्हणजे चाराकडे जाणारा अर्धा तास, असं म्हणावं लागतं. एका तासाची ही गफलत साधी नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन वाढतं, पण ते वाढायला वेळ लागतो. दुखणं नुकतंच सुरू झालं असेल तर पहिली तपासणी साफ येऊनही झटका असू शकतो, म्हणून काही वेळाने ती पुन्हा करतात. त्या निकालाचा अर्थ लावताना डॉक्टर सुरुवातीची वेळ लक्षात घेतो. अशा वेळी ‘हाल्प’च्या भानगडीत पडू नका, कागदावर 15.30 असं लिहून दाखवा.

मग ईसीजीच्या पट्ट्या लावता लावता डॉक्टर विचारतो, ‘ड्रुक ओडर श्टेशन?’ दडपण आहे की टोचतंय? छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत असेल तर ‘ड्रुक’ एवढंच म्हणा. ‘श्ट्राल्ट एस आउस?’ म्हणजे दुखणं कुठे पसरतंय का? तेव्हा जबड्यावर, पाठीवर, हातावर, जिथे जात असेल तिथे बोट ठेवलं तरी उत्तर झालं. काही बायकांना, मधुमेहींना आणि वयस्कर माणसांना छातीत फारसं दुखत नाही. मळमळ, धाप किंवा पाठ-जबड्यातलं दुखणंच पुढे येतं. त्यांनी हे वाक्य खोटं म्हणू नये. धाप लागली असेल तर ‘आटेमनोट’ हा शब्द सांगावा आणि ‘श्मेर्त्सन’नंतर जी जागा दुखते तिच्यावर हात ठेवावा.

शेवटचा प्रश्न औषधांचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांना ‘ब्लूटफेअड्युनर’ म्हणतात. ‘ड्यु’ म्हणताना जीभ ‘डि’ला ठेवायची आणि ओठ ‘डु’सारखे गोल करायचे. भारतातल्या गोळीचं ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला कळेलच असं नाही, पण पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन यांसारखं मूळ औषधाचं नाव तो लगेच ओळखतो. म्हणून पाकीटच त्याच्या हातात द्यायचं.