२०४ नंबरच्या खोलीतले ढेकूण

समजा, महाबळेश्वरातलं एक तीन मजली हॉटेल. सकाळी सातला २०४ मधून रिसेप्शनवर फोन येतो: "रात्रभर काहीतरी चावलं. बायकोच्या हातावर गांधी उठल्यात." पलीकडून बोलणारी मुलगी वाद न घालता म्हणते, "सॉरी साहेब. सामान आहे तिथेच राहू द्या, मी लगेच वर येते."

सामान हलवू नका, हे तिने आवर्जून सांगितलं ते बरं झालं. अशा तक्रारीनंतर हॉटेलात जी धांदल उडते, तिच्यातूनच एका खोलीतले ढेकूण चार खोल्यांत पोचतात. पाहुण्याला बॅगांसकट शेजारच्या २०५ मध्ये हलवलं जातं, चादरी कवेत घेऊन कुणीतरी कॉरिडॉरभर चालत जातं आणि तिसरा कुणी फवाऱ्याचा डबा घेऊन धावतो.

नुसत्या चाव्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डास-पिसवांनीही तशाच गांधी उठतात. एकाच पलंगावर झोपलेल्या नवरा-बायकोपैकी एकाच्या अंगावर पुरळ येतं, दुसऱ्याला पत्ताही नसतो. खूण उमटायला कधीकधी काही दिवस लागतात, म्हणजे ढेकूण आदल्या मुक्कामी चावलेला असू शकतो. त्यामुळे "आमच्याकडे ढेकूण नाहीतच" असं ठासून सांगणं जितकं चूक, तितकंच न बघता कबूल करणंही. आधी खोली तपासायची.

त्यासाठी टॉर्च, जुनं एटीएम कार्ड आणि ओला टिश्यू एवढं पुरतं. गादीची शिवण बोटांनी फाकवत चारही कोपरे बघायचे, मग पलंगाच्या फळ्यांचे सांधे आणि स्क्रूची भोकं. कार्ड फटीत सरकवलं की आत दडलेला ढेकूण बाहेर येतो. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे पाच मिलिमीटरचा, चपटा, तांबूस तपकिरी असतो. अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं, पांढुरकं आणि चिकटवल्यासारखं. पण बऱ्याचदा आधी दिसतात ते पेनच्या शाईसारखे काळे ठिपके. ही ढेकणांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. ओला टिश्यू दाबला की ठिपका तांबूस-तपकिरी पसरतो. २०४ मध्ये गादी स्वच्छ निघते. हेडबोर्ड भिंतीवरून उतरवल्यावर मात्र मागच्या लाकडी पट्टीवर ठिपक्यांची रांग, दोन कातीचे पापुद्रे आणि एक जिवंत ढेकूण सापडतो. हॉटेलांत हेडबोर्ड भिंतीला ठोकलेला असतो, रोजच्या सफाईत तो कुणी काढत नाही. ढेकणाला याहून निवांत जागा कुठली?

आता खोली बंद. पाहुण्यांना शेजारची सोडून दूरची खोली मिळते, त्यांचे कपडे हॉटेलच्या खर्चाने गरम ड्रायरमधून काढून दिले जातात. चादरी-पडदे खोलीतच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लॉन्ड्रीत जातात. मग २०३, २०५, खालची १०४ आणि वरची ३०४ अशा चार खोल्या तपासायच्या, कारण वायरिंग आणि पाइपांच्या फटी ढेकणाला रस्त्यासारख्याच असतात.

पेस्ट कंट्रोलवाला आला की त्याने लगेच औषध मारावं अशी मालकाची अपेक्षा असते. चांगला माणूस आधी अरुंद तोंडाच्या व्हॅक्यूमने ढेकूण ओढून घेतो, मग सांध्यांवरून वाफ सावकाश फिरवतो; जोर जास्त झाला तर ढेकूण मरण्याऐवजी उडून पडतात. पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे अंडीसुद्धा टिकत नाहीत. औषध त्यानंतर आणि फक्त फटींत. ढेकूण औषधाला दाद देईनासे होतात, ही गोष्ट जुनी आहे: डीडीटीला न जुमानणारे ढेकूण पर्ल हार्बरच्या बराकींत १९४७ सालीच आढळले होते. आज पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचीही अनेक ठिकाणी तीच गत आहे. धूर सोडणारे डबे तर नकोतच, ते खोल फटीत पोचत नाहीत आणि ढेकूण शेजारच्या खोलीकडे पांगू शकतात. गादी उन्हात टाकण्याचा घरगुती उपाय इथे फारसा कामाचा नाही. ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात.

औषधातून अंडी वाचतात आणि साधारण आठ-दहा दिवसांत फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फेरी ठरलेलीच. तोवर गादीला चेनवालं बंद आवरण आणि पलंगाच्या पायांखाली सापळ्याच्या वाट्या.

त्याच दुपारी सुपरवायझर हाउसकीपिंगच्या मुलींना २०४ मध्ये नेते आणि हेडबोर्डची मागची बाजू दाखवते. "चादर बदलताना कोपरा उचलून बघायचा. ठिपका दिसला तर काही झाडू नका, दार लावून मला फोन करा. कुणाचा पगार कापणार नाही," ती सांगते. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यावर खापर फुटेल या भीतीने ठिपका पुसून टाकला, की पुढची खबर थेट पाहुण्याकडूनच येते.

दुसऱ्या फेरीनंतर वाट्या रिकाम्या आणि हेडबोर्ड कोरा निघाला, तरी सुपरवायझर खोली लगेच सोडत नाही. आठवडाभराने पुन्हा एकदा बघते आणि मगच २०४ बुकिंगला खुली होते.