नोकरी सोडून गेलेला माणूस व्हीपीएनमधून अजूनही आत येतोय का?

7 मे 2021. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पेट्रोल-डिझेल पुरवणाऱ्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीनं आपली अख्खी पाइपलाइन बंद केली. हॅकर्स कंपनीच्या सिस्टिममध्ये शिरले होते. कंपनीनं त्यांना जवळपास 44 लाख डॉलर्सची खंडणीही दिली. तपासात कळलं की ते व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून आले होते. ते खातं कोणी वापरत नव्हतं, पण कोणी बंदही केलं नव्हतं.

अशी खाती मागं राहतात कशी? बऱ्याच ऑफिसांत कारण साधं असतं. कर्मचाऱ्यांच्या याद्या दोन असतात.

समजा पुण्यात 80 जणांची एक कंपनी आहे. कॉम्प्युटर चालू करतानाचे पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत आहेत आणि व्हीपीएनचे वेगळे पासवर्ड पीएफसेन्स नावाच्या फायरवॉलमध्ये. कोणी नोकरी सोडली की आयटीवाला पहिल्या यादीतलं नाव बंद करतो आणि दुसरी यादी विसरतो. उपाय असा, की दुसरी यादी ठेवायचीच नाही. व्हीपीएननं पहिल्या यादीलाच विचारायचं.

हे विचारणं चालतं कसं? व्हीपीएनच्या दारावरच्या यंत्राला, म्हणजे गेटवेला, डिरेक्टरीत स्वतःचं एक खातं दिलेलं असतं. त्याला फक्त वाचायची परवानगी असते. अकाउंट्समधल्या ताईंनी घरून नाव-पासवर्ड टाकला की गेटवे त्या खात्यानं डिरेक्टरीत जाऊन ताईंचं नाव शोधतो. मग ताईंच्याच नावानं आणि पासवर्डनं डिरेक्टरीत लॉगिन करून बघतो. जमलं तर पासवर्ड बरोबर. खातं बंद असेल तर डिरेक्टरी तिथंच नकार देते.

या प्रवासात पासवर्ड गेटवेकडून डिरेक्टरीकडं जातो. साध्या 389 पोर्टवरून पाठवला तर तो उघडा जातो, म्हणून 636 हा एन्क्रिप्टेड पोर्ट वापरायचा. इथं नेहमी अडतं ते सर्व्हरच्या नावावर. सर्टिफिकेटवर सर्व्हरचं नाव असतं आणि सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस टाकलेला असतो. दोन्ही जुळत नाहीत, आणि मग कोणालाच लॉगिन होत नाही.

पण खरी गोची पुढं आहे. डिरेक्टरीत फक्त माणसं नसतात. झेरॉक्स मशीनचं स्कॅनिंगचं खातं असतं, रिसेप्शनवरच्या कॉम्प्युटरचं असतं, दोन वर्षांपूर्वीच्या ट्रेनिंगचं असतं. त्यांचे पासवर्ड कसे असतात ते वेगळं सांगायला नको. गेटवेनं फक्त "पासवर्ड बरोबर आहे का?" एवढंच विचारलं तर हे सगळे आत येऊ शकतात. म्हणून डिरेक्टरीत एक वेगळा ग्रुप करायचा आणि पीएफसेन्सच्या `Extended query` या रकान्यात त्याची अट घालायची:

```
memberOf=CN=VPN-Users,OU=Groups,DC=example,DC=local
```

आता समजा आयटीवाल्यानं एकेक नाव टाकायचा कंटाळा केला आणि अख्खा अकाउंट्स ग्रुपच `VPN-Users` मध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन येणार: पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही! कारण ही अट फक्त थेट सदस्य बघते, ग्रुपच्या आतला ग्रुप बघत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं एक लांबलचक आकडा दिलाय:

```
memberOf:1.2.840.113556.1.4.1941:=CN=VPN-Users,OU=Groups,DC=example,DC=local
```

नीट बसलं का, हे `Diagnostics > Authentication` मध्ये तपासता येतं. सगळे स्वतःच्या नावानं लॉगिन करून बघतात आणि खूश होतात. पण त्यातून फक्त दार उघडतं हे कळतं, बंद होतं का ते कळत नाही. म्हणून ग्रुपबाहेरचा एक आणि खातं बंद केलेला एक, असे आणखी दोघे बघायचे. दोघांनाही नकार आला पाहिजे.

एकाच पासवर्डचा तोटाही आहे. व्हीपीएनचं दार इंटरनेटकडं उघडतं. बाहेरचा कोणी ताईंच्या नावानं चुकीचे पासवर्ड टाकत बसला आणि कंपनीनं ठरावीक चुकांनंतर खातं लॉक करायचा नियम लावलेला असेल, तर ताईंचं खातं लॉक होतं. मग ऑफिसात बसूनही त्यांचा कॉम्प्युटर उघडत नाही. म्हणून पीएफसेन्समधल्या ओपनव्हीपीएनला `Remote Access (SSL/TLS + User Auth)` हा प्रकार निवडतात. त्यात लॅपटॉपवरचं सर्टिफिकेट आधी तपासलं जातं. ते नसेल तर गोष्ट पासवर्डपर्यंत जातच नाही.

आणि ज्याचं खातं आत्ताच बंद केलं, तो त्या क्षणी व्हीपीएनला जोडलेला असेल तर? तो लगेच बाहेर फेकला जात नाही. ओपनव्हीपीएन साधारणपणे 3600 सेकंदांनी, म्हणजे तासाभरानं, पुन्हा तपासणी करतं. तेवढा वेळ द्यायचा नसेल तर आयटीवाल्यानं `Status > OpenVPN` मध्ये जाऊन त्याचं कनेक्शन हातानं तोडायचं.